साध्या 30 फ्रेम्सच्या क्लिपमधून स्लो मोशन: फुगडीच्या एका शॉटवर सगळी कृती

मंगळागौरीचा व्हिडिओ मोबाइलवर नेहमीच्या 30 फ्रेम्सनी शूट झालेला असतो. एडिट करताना फुगडीचा तेवढा तुकडा हळू हवासा वाटतो, म्हणून क्लिपचा वेग 50 टक्के केला जातो आणि चित्र अडखळायला लागतं. मग कुणीतरी ऑप्टिकल फ्लो लावायला सांगतं. तो लावल्यावर अडखळणं जातं, पण वेणी पाण्यात सोडल्यासारखी विरघळते आणि मागच्या खिडकीचे गज माणसांबरोबर वाकतात. हे का होतं, ते आधीच कसं ओळखायचं आणि त्यातून वापरण्याजोगा शॉट कसा काढायचा, हे याच फुगडीच्या क्लिपवर करून पाहू. सॉफ्टवेअर म्हणून डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती धरली आहे. प्रीमियरमध्येही हेच तीन पर्याय थोड्या वेगळ्या नावांनी मिळतात.

मधली फ्रेम येते कुठून

वेग निम्मा केला की एका सेकंदाचा मजकूर दोन सेकंद पुरवावा लागतो. मूळच्या प्रत्येक दोन फ्रेम्सच्या मध्ये एक फ्रेम कमी पडते आणि ती भरायचे तीन मार्ग आहेत. पहिल्यात आधीचीच फ्रेम पुन्हा दाखवली जाते; रिझॉल्व्हमध्ये याचं नाव Nearest. काहीच खोटं घडत नाही, पण हालचाल टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. दुसऱ्यात शेजारच्या दोन फ्रेम्स एकमेकींवर अर्ध्या-अर्ध्या पारदर्शक करून ठेवतात, म्हणजे Frame Blend. अडखळणं कमी होतं, पण जोरात हलणारी प्रत्येक वस्तू दुहेरी दिसते.

तिसरा मार्ग Optical Flow. यात सॉफ्टवेअर पहिल्या फ्रेममधला प्रत्येक ठिपका दुसऱ्या फ्रेममध्ये कुठे गेला ते शोधतं आणि त्याला अर्ध्या वाटेवर ठेवून नवी फ्रेम बनवतं. शोध बरोबर लागला तर निकाल फार सुंदर असतो. चुकला तर ठिपके भलतीकडे ओढले जातात. ऑप्टिकल फ्लोबद्दल लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट हीच, की तो अंदाज आहे. त्या दोन फ्रेम्सच्या मधल्या वेळात कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही ते त्यातून मिळत नाही. फुगडी संपल्यावर दोघींनी टाळी दिली आणि तळवे नेमके दोन फ्रेम्सच्या मधल्या क्षणी एकमेकांना लागले, तर फ्लोने बनवलेल्या स्लो मोशनमध्ये हात जवळ येतील आणि न लागताच मागे फिरतील. ढोलावर पडणारं टिपरू आणि टप्पा खाणारा चेंडू यांचंही असंच होतं.

वेग कमी करण्याआधी एक मोजमाप

अंदाज बरोबर येईल की नाही, हे बरंचसं एका प्रश्नावर ठरतं: वस्तू एका फ्रेममध्ये स्वतःच्या रुंदीच्या मानाने किती सरकते? धड रुंद असतं, ते थोडं सरकलं तरी त्याचा मोठा भाग जुन्या जागेवरच राहतो आणि सॉफ्टवेअरला जुळवाजुळव सोपी जाते. बारीक वस्तू स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त उडी मारते तेव्हा आधीच्या जागी तिचा मागमूसही उरत नाही. सॉफ्टवेअर मग जवळपास दिसणाऱ्या दुसऱ्याच कशाशी तरी तिची जोडी लावतं.

आपल्या क्लिपचे आकडे मांडून बघू. 1080p चित्रात 1.6 मीटर उंचीची बाई साधारण 700 पिक्सेल उंच दिसते आहे, म्हणजे एक मीटरला सुमारे 440 पिक्सेल. फुगडीत पाय मधोमध जवळ असतात आणि दोघी मागे रेललेल्या असतात, त्यामुळे डोकं केंद्रापासून सर्वांत लांब फिरतं. ते अंतर 70 सेंटिमीटर धरलं आणि गिरकी सेकंदाला एक धरली, तर डोकं एका सेकंदात सुमारे 4.4 मीटर जातं. भागिले 30 केलं की एका फ्रेममध्ये साधारण 15 सेंटिमीटर, म्हणजे पडद्यावर 64 पिक्सेलच्या आसपास.

आता रुंद्या पाहा. धड सुमारे 35 सेंटिमीटर, म्हणजे 150 पिक्सेल. 64 पिक्सेलची उडी त्याला पेलते. डोकं त्याहून अरुंद असल्यामुळे काठावरचं. वेणी 5 सेंटिमीटरची, म्हणजे 22 पिक्सेल, आणि ती डोक्याच्याही बाहेर उडत असल्याने 64 पेक्षा जास्तच सरकते. स्वतःच्या रुंदीच्या तिप्पट! ही वेणी फ्लोला सापडणार नाही हे क्लिप हळू करण्याआधीच सांगता येतं. उलट गुंफलेले हात आणि बांगड्या केंद्राजवळ असल्यामुळे फारशा सरकत नाहीत आणि त्या छान येतात.

प्रत्यक्षात इतकं गणित करायची गरज पडत नाही. क्लिपवर डबल क्लिक करून ती सोर्स व्ह्यूअरमध्ये उघडा, उजव्या बाणाच्या कीने एकेक फ्रेम पुढे न्या, आणि सर्वांत वेगवान बारीक वस्तूवर नजर ठेवा. पुढच्या फ्रेममध्ये ती आधीच्या जागेला शिवते का? शिवत असेल तर आशा आहे. मध्ये मोकळी जागा पडत असेल तर तिथे काहीतरी बिघडणार.

पाहणी करताना दोघी एकमेकींसमोरून जातात तो क्षण मुद्दाम बघा. डावी-उजवीकडे टोकाला असताना त्यांची हालचाल कॅमेऱ्याच्या दिशेने किंवा कॅमेऱ्यापासून लांब अशी असते, पडद्यावर त्या कमी सरकतात. समोरून जाताना मात्र आडवा वेग सर्वांत जास्त असतो, आणि त्याच वेळी एक दुसरीला झाकत असते. झाकलं गेलेलं आणि नव्याने उघडं पडलेलं जे काही असतं त्याला दुसऱ्या फ्रेममध्ये जोडीच नसते. म्हणून प्रत्येक गिरकीत बिघाडाची जागा साधारण ठरलेली असते, आणि तपासताना तिथेच थांबावं.

फाइल आधी सरळ करा

नवख्यांच्या क्लिप्स बिघडण्याचं एक कारण फ्लोमध्ये नसून फाइलमध्ये असतं. अनेक मोबाइल 30 फ्रेम्स म्हणतात, पण त्या समान अंतराने लिहीत नाहीत. उजेड कमी झाला की काही मॉडेल्स दर उतरवतात. फाइलमध्ये एकच फ्रेम दोनदा आली असेल, तर त्या जागी फ्लोला हालचाल शून्य दिसते आणि पुढच्या फ्रेमला दुप्पट उडी दिसते. हळू केलेल्या चित्रात हे गचका, थांबा, गचका असं जाणवतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली क्लिप या कामाला घेऊच नका. तिच्यातले बारीक तपशील दाबणीत गेलेले असतात आणि फ्लो जुळवणार ते नेमके हेच तपशील. मूळ फाइल केबलने किंवा ड्राइव्हवरून मागवा.

ffmpeg हे कमांड लिहून चालवायचं मोफत सॉफ्टवेअर असेल तर दर असा तपासता येतो:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate -of default=nw=1 phugadi.mp4
```

दोन्ही ओळींतले आकडे जवळजवळ सारखे आले तर ठीक. त्यांत ठळक फरक असेल तर दर बदलता आहे असं समजा. मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर हेच Frame rate mode या ओळीत Constant किंवा Variable असं सांगतं. बदलता दर असल्यास फाइल एकसारखी करून घ्या:

```
ffmpeg -i phugadi.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 16 -c:a copy phugadi30.mp4
```

यामुळे फ्रेम्स समान अंतरावर बसतात. कॅमेऱ्याने टिपलेल्याच नसतील त्या मात्र परत येत नाहीत, तिथे जुनी फ्रेम दुसऱ्यांदा येते. म्हणून रूपांतरानंतर बाणाच्या कीने पुन्हा एकदा बघा आणि जिथे चित्र जागचं हलत नाही असा भाग टाळून तुकडा निवडा.

किती हळू करायचं ते आकड्यांवर ठरवा

आपल्याकडे लग्न-समारंभांच्या फिल्म्स बऱ्याचदा 25 फ्रेम्सच्या टाइमलाइनवर बनतात, म्हणून 25 ची टाइमलाइन धरू. हा दर प्रोजेक्ट सुरू करतानाच ठरवा, कारण टाइमलाइनमध्ये फुटेज आल्यावर तो बदलता येत नाही.

30 ची क्लिप 25 च्या टाइमलाइनवर ठेवून थेट 50 टक्के केलं, तर टाइमलाइनची प्रत्येक फ्रेम मूळ क्लिपमध्ये 0.6 फ्रेम पुढे जाते. जागा येतात 0, 0.6, 1.2, 1.8, 2.4 आणि मग 3. म्हणजे पाचातली एकच फ्रेम कॅमेऱ्याची, उरलेल्या चार बनवलेल्या. शिवाय कॅमेऱ्याची फ्रेम कडक आणि बनवलेल्या किंचित मऊ, त्यामुळे सेकंदाला पाच वेळा चित्र धडधडल्यासारखं दिसतं.

त्याऐवजी मीडिया पूलमध्ये क्लिपवर राइट क्लिक करा, Clip Attributes उघडा आणि Video Frame Rate 30 चा 25 करा. हे क्लिप टाइमलाइनवर टाकण्याआधी करायचं. आता सॉफ्टवेअर तीच क्लिप 25 ची समजून दाखवतं. एकही फ्रेम न बनवता वेग 83 टक्क्यांवर येतो, आणि हा संथपणा शंभर टक्के खरा असतो. मंगळागौरीच्या बऱ्याच शॉट्सना, ओवाळणं, फुलं वाहणं, हसणारे चेहरे, एवढा संथपणा पुरतो आणि तिथे फ्लोचा विचारही करू नये.

फुगडीला आणखी हळू हवं असेल तर याच क्लिपला 50 टक्के द्या. आता दर दोनपैकी एक फ्रेम कॅमेऱ्याची आणि एक बनवलेली, आणि बनवलेली प्रत्येक वेळी नेमकी मधोमध. प्रत्यक्ष वेग झाला सुमारे 42 टक्के. आधीच्या 50 टक्क्यांपेक्षा हे हळू आहे, तरीही खोट्या फ्रेम्स कमी आहेत. 25 टक्क्यांवर गेलात तर चारांपैकी तीन बनवलेल्या. स्थिर कॅमेरा आणि सावकाश हालचाल असेल तरच तिकडे जावं. फुगडीला तो वेग झेपत नाही.

बाकी पायऱ्या अशा:

1. फक्त लागणारा तुकडा टाइमलाइनवर ठेवा. आधीच एडिट केलेला व्हिडिओ असेल तर त्यातल्या प्रत्येक कटवर ब्लेडने तोडा. नाहीतर फ्लो एका शॉटमधला चेहरा पुढच्या शॉटमधल्या भिंतीत मिसळतो.
2. क्लिपवर राइट क्लिक करून Change Clip Speed मध्ये 50 टक्के लिहा. पुढच्या क्लिप्स आपोआप सरकाव्यात असं वाटत असेल तर तिथला Ripple चा पर्याय चालू करा.
3. इन्स्पेक्टरमध्ये Retime and Scaling उघडा. Retime Process ला Optical Flow आणि Motion Estimation ला Enhanced Better निवडा. Speed Warp हा पर्याय पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत चालतो.
4. Playback मेनूतून Render Cache चालू करून कॅश पूर्ण होऊ द्या. कॅश न करता बघितलं तर मशीनच्या संथपणामुळे आलेले गचके फ्लोचे वाटतात.
5. मूळ आवाज काढून टाका आणि गाणी वेगळ्या ट्रॅकवर नेहमीच्या वेगाने ठेवा. नावं, तारखेचा शिक्का, लोगो हे सगळं वेग बदलून झाल्यावरच चढवा, कारण चित्रात भाजलेली अक्षरं मागून माणूस गेला की डुलतात.

शटर आणि दाणे

वर काढलेले 64 पिक्सेल पुन्हा घ्या. हॉलमध्ये मोबाइलचं शटर 1/50 असेल तर त्या फ्रेमभरच्या वेळातला 0.6 भाग शटर उघडं असतं, म्हणून डोक्याच्या हालचालीचा फराटा 38 पिक्सेल लांब उमटतो. साध्या वेगाने हे डोळ्याला गोड वाटतं. निम्म्या वेगाला मात्र दोन फ्रेम्समधलं अंतर 32 पिक्सेल उरतं आणि फराटा 38 चाच राहतो. चित्र हळू चाललंय पण चेहरा पुसट, हा विसंगतपणा प्रेक्षकाला लगेच जाणवतो, मग फ्लोने एकही चूक केलेली नसो. फ्लोलाही पुसट कडा जुळवणं अवघड जातं.

म्हणून हळू करायचं आधीच ठरलं असेल तर शटर वेगवान ठेवा. उन्हात मोबाइल स्वतःच वेगवान शटर घेतो, त्यामुळे अंगणातली फुगडी हॉलमधल्या फुगडीपेक्षा किती तरी चांगली हळू होते. हॉलमध्ये एक अडचण असते: भारतातली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. 1/200 ला गेलात तर आडवे पट्टे किंवा लुकलुक येऊ शकते. 1/100 ला प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला उजेडाचा एक पूर्ण फेरा येतो. पट्टे टळतात आणि आपल्या उदाहरणातला फराटा 38 वरून 19 पिक्सेलवर येतो. कॅमेरा अ‍ॅपच्या प्रो मोडमध्ये शटर 1/100 ला बांधून टाका.

शटर वेगवान केलं की आयएसओ चढतो आणि दाणे येतात. त्यांची खोड अशी, की फ्लोची फ्रेम दोन फ्रेम्समधून बनत असल्याने तिच्यात दाणे सरासरीने पुसले जातात आणि कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये जसेच्या तसे राहतात. एक फ्रेम दाणेदार, एक गुळगुळीत, पुन्हा दाणेदार. अंधाऱ्या भिंतीवर ही थरथर सर्वांत आधी दिसते. उपाय म्हणजे वेग बदलण्याआधी दाणे थोडे कमी करणं:

```
ffmpeg -i phugadi.mp4 -vf "fps=30,hqdn3d=2:1.5:4:3" -c:v libx264 -crf 16 -c:a copy phugadi30.mp4
```

यातले आकडे वाढवायचा मोह आवरा. चारांपैकी शेवटचे दोन आकडे काळानुसार दाणे पुसतात; ते फार वाढले की फिरणाऱ्या पदराच्या मागे पुसट शेपूट उरते आणि फ्लो त्या शेपटालाही पदर समजून हलवतो.

बनावट कुठे दिसतं

तयार तुकडा आधी न थांबता, पूर्ण पडद्यावर, दोनदा बघा. पहिल्यांदा माणसांकडे, दुसऱ्यांदा फक्त त्यांच्या मागच्या भिंतीकडे. बनावटपणा बहुतेक वेळा पार्श्वभूमीत पकडला जातो. माणसाच्या कडेला लागून एक पट्टा तिच्याबरोबर सरकतो आणि ती पुढे गेली की जागेवर परत येतो. ही ती नव्याने उघडी पडलेली जागा, जिला जोडी सापडली नव्हती. मागे सपाट रंगाची भिंत असेल तर पट्टा दिसतच नाही. खिडकीचे गज, फरशीचे चौकोन, तोरणातली ओळीने लावलेली पानं असतील तर तो ओरडून सांगतो. शिवाय गज एकसारखे असल्यामुळे सॉफ्टवेअर एका गजाची जोडी शेजारच्या गजाशी लावतं आणि खिडकी डुलते. काठपदराच्या चौकड्यांतही असा घोटाळा होतो.

दुसरी खूण वेणी, गजरा, कानातले आणि बोटं यांच्यात असते. यांतलं एखादं एका फ्रेममध्ये नाहीसं होतं, पुढच्या फ्रेममध्ये आहे, त्यापुढच्या फ्रेममध्ये पुन्हा नाही. ज्या वस्तूची ओळख एकाआड एक फ्रेममध्ये तुटते तिथे डोळा अडकतो.

तिसरी खूण जरा सूक्ष्म आहे आणि बऱ्याच जणांना नुसतंच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. खऱ्या स्लो मोशनमध्ये वेळेतला तपशील वाढतो: पदराच्या कडेला लाट उठते, ती पुढे जाते, सुटलेली बट वळते आणि उलट वळते. बनवलेल्या फ्रेममध्ये वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरळ रेषेत घसरते. मधली लाट कॅमेऱ्याने पाहिलेलीच नाही, त्यामुळे कापड रबरासारखं ताणल्यागत वाटतं. उडणारे तांदूळ, शिंपडलेलं पाणी, धूप, निरांजनाची ज्योत यांत हे इतकं ठळक होतं की अशा शॉट्सना फ्लो लावूच नये. पाण्याचा थेंब पुढच्या फ्रेममध्ये तोच थेंब राहिलेला नसतो आणि धुराला तर कडाच नसते. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडालेली फ्रेमही आधी कापून काढा, कारण उजेड एकदम बदलला की जुळवणीचा आधारच जातो.

बिघडलेल्या फ्रेमची दुरुस्ती

सगळा शॉट टाकून द्यायची गरज क्वचित पडते. एकेक फ्रेम पुढे जात बिघडलेल्या फ्रेम्स शोधा. आपल्या मांडणीत त्या नेहमी एकाआड एकच येतील, कारण मधल्या कॅमेऱ्याच्या आहेत. फुगडीत त्या दोघी समोरासमोरून जाण्याच्या जागी, गिरकीगणिक थोड्या, अशा गोळा झालेल्या सापडतील.

पूर्ण चित्र विस्कटलेली एखाददुसरी फ्रेम असेल तर तिच्या आधी आणि नंतर ब्लेडने तोडा आणि तेवढ्या एका फ्रेमचं Retime Process बदलून Frame Blend करा. दुहेरी प्रतिमा 1/25 सेकंदच दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना खऱ्या फ्रेम्स असतात. ती हालचालीच्या फराट्यात खपून जाते. अशा फ्रेम्स सलग चार-पाच जोड्यांत यायला लागल्या तर मात्र त्या भागाचा वेग वाढवा. ठिगळांची रांग लपत नाही.

बिघाड फक्त वेणीत असेल तर त्याच क्लिपची प्रत वरच्या ट्रॅकवर, अगदी त्याच जागी ठेवा आणि प्रतीला Frame Blend द्या. कलर पेजवर तिच्या नोडमध्ये वेणीभोवती पॉवर विंडो काढा, नोडच्या मोकळ्या जागेत राइट क्लिक करून Add Alpha Output घ्या आणि नोडची निळी जोडणी त्याला जोडा. आता वरच्या थरातून फक्त विंडोतला भाग दिसतो आणि बाकी सगळा फ्लो खालून. विंडोची कड भरपूर मऊ करा आणि वेणीबरोबर तिला ट्रॅक करा. कॅमेऱ्याच्या फ्रेम्सवर दोन्ही थर एकसारखेच असतात, त्यामुळे सांधा दिसलाच तर बनवलेल्या फ्रेम्सवर दिसेल; तेवढ्याच तपासायच्या. जोरात उडणाऱ्या वेणीची दुहेरी पुसट प्रतिमा डोळा वेग म्हणून स्वीकारतो, विरघळलेली वेणी मात्र स्वीकारत नाही. म्हणून हा सौदा जवळजवळ नेहमी परवडतो.

डुलणाऱ्या खिडकीला असं सोपं ठिगळ लागत नाही, कारण बिघडलेला पट्टा माणसाच्या कडेला चिकटून फिरत असतो. चित्र थोडं मोठं करून खिडकी फ्रेमबाहेर काढता येते का ते बघा. नसेल तर 83 टक्क्यांवर समाधान माना. शूटिंगच्या वेळी दोन पावलं बाजूला सरकून मागे साधी भिंत घेतली असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं, आणि पुढच्या वेळी तेच करावं.

डोळा तयार करायची चाचणी

मोबाइलमध्ये 60 फ्रेम्सचा पर्याय असेल तर खरं स्लो मोशन मिळवायचा मार्ग तोच आहे. 60 ची क्लिप Clip Attributes मध्ये 25 केली की वेग थेट 42 टक्क्यांच्या आसपास येतो, एकही फ्रेम न बनवता. वर 30 च्या क्लिपमधून फ्लोने काढलेला वेगही एवढाच होता. या योगायोगाचा चांगला उपयोग करता येतो, कारण खरं आणि बनवलेलं एकाच वेगाला शेजारी ठेवून बघता येतं.

घरातल्या कुणालाही गिरक्या घ्यायला लावा आणि दहा सेकंद 60 फ्रेम्सनी शूट करा. मग त्याच फाइलमधून निम्म्या फ्रेम्स काढून टाका:

```
ffmpeg -i asli60.mp4 -vf fps=60 -an -c:v libx264 -crf 16 khari60.mp4
ffmpeg -i khari60.mp4 -vf fps=30 -an -c:v libx264 -crf 16 ardhi30.mp4
```

दोन्ही फाइल्सना Clip Attributes मध्ये 25 द्या. khari60 खालच्या ट्रॅकवर 100 टक्क्यांना ठेवा आणि ardhi30 वरच्या ट्रॅकवर 50 टक्के व ऑप्टिकल फ्लोसह. वरच्या क्लिपचा Composite Mode इन्स्पेक्टरमधून Difference करा. दोन चित्रं जिथे सारखी तिथे काळं, जिथे फ्लोचा अंदाज चुकला तिथे उजळ दिसेल. प्रत्येक फ्रेमवर सगळ्या कडा उजळत असतील तर वरची क्लिप एक फ्रेम पुढे किंवा मागे सरकवा. बरोबर जुळल्यावर एकाआड एक फ्रेम जवळजवळ पूर्ण काळी होते.

आता उजळ जागा बघा आणि मग Difference काढून त्याच जागा साध्या चित्रात, चालू वेगात बघा. काही मोठ्या चुका, सपाट साडीच्या मधल्या भागातल्या किंवा जमिनीवरच्या, चालू चित्रात दिसतच नाहीत. चेहऱ्याच्या कडेची, बोटांची किंवा सरळ रेषांजवळची लहानशी चूक लगेच खटकते. कुठली फ्रेम दुरुस्त करायची आणि कुठली तशीच सोडायची ते या दुसऱ्या बघण्यावर ठरवा.